निळ्या चकतीतून गळणारी वीज

फोन चार्जिंगला लावलेला असतो, पाय अनवाणी आणि फरशी गार. सहज म्हणून फोनच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं, की काहीतरी खरखर जाणवते, जणू कडेला बारीक पॉलिशपेपर चिकटवलाय. लॅपटॉपच्या कोपऱ्याला मनगट टेकलं तर तिथे मुंगी चावल्यासारखं होतं. चार्जरची पिन काढली की सगळं गुळगुळीत. पुन्हा लावली की पुन्हा खरखर.

घरातलं कुणीतरी लगेच टेस्टर आणतं. लॅपटॉपच्या स्क्रूला टेस्टर टेकवला की आतला निऑन दिवा मंद नारिंगी पेटतो. वायरमनला बोलावलं तर तो मल्टिमीटर लावून सांगतो, "साहेब, बॉडीवर एकशेदहा व्होल्ट येताहेत." एकशेदहा! इतक्या व्होल्टवर अमेरिकेत अख्खी घरं चालतात. मग चार्जर कचऱ्यात जातो, नवा येतो आणि आठवड्याभरात त्याच्याही अंगावर तीच मुंगी सापडते.

टेस्टर खोटं बोलत नाही आणि मीटरही नाही. चार्जरही बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. उलट ही गळती त्याच्या आत मुद्दाम ठेवलेली असते आणि ती किती असावी याला मर्यादा घालून दिलेली असते. हे समजायला चार्जरच्या पोटात डोकवावं लागेल.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असते. चार्जर आधी तिला एका दिशेची करतो. त्यासाठी चार डायोडांचा एक पूल असतो आणि त्यापुढे एक गोल, जाडसर कपॅसिटर. या टप्प्यावर आत सुमारे ३२५ व्होल्टची डीसी वीज तयार असते, आणि चार्जरचा खरोखर जीवघेणा भाग तो हाच. पुढे एक ट्रान्झिस्टर या विजेचे सेकंदाला साठ हजार ते लाखभर वेळा तुकडे पाडतो. ते तुकडे सुपारीएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमधून जातात आणि पलीकडे ५, ९ किंवा २० व्होल्ट होऊन बाहेर पडतात. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गुंडाळ्यांना जोडणारी एकही तार नसते. ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. तुमच्या हातातला फोन आणि भिंतीतला फेज यांच्यामध्ये ही दरी असते, म्हणून तर दोन पिनांचा चार्जर चालतो. त्याच्या लेबलवर एका चौकोनात दुसरा चौकोन छापलेला दिसेल. त्याचा अर्थ असा, की या चार्जरचं संरक्षण अर्थिंगवर नाही, दुहेरी इन्सुलेशनवर अवलंबून आहे.

दरी पक्की असली तरी दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना अगदी चिकटून असतात. जवळजवळ असलेल्या दोन तारांमध्ये थोडी धारकता असतेच, आणि विजेचा वेग वाढला की तीतून वीज जास्त सहज पलीकडे जाते. सेकंदाला लाखभर वेळा होणारी ती कापाकापी ट्रान्सफॉर्मर ओलांडून फोनच्या बाजूला डोकावायला लागते. मग चार्जिंगची वायर तिची अँटेना होते. जवळचा रेडिओ गुरगुरतो. फोनचा पडदा तर वेडाच होतो, कारण बोटामुळे धारकतेत झालेला अगदी सूक्ष्म फरक मोजूनच टचस्क्रीन चालतो. काही चार्जरना लावल्यावर फोनवर न शिवलेली अक्षरं आपोआप उमटतात, स्क्रोल करताना पडदा दचकतो, ते याच गोंगाटामुळे.

या गोंगाटाला परतीची जवळची वाट करून देण्यासाठी डिझाइन करणारे एक छोटा भाग बसवतात, वाय-कपॅसिटर. बहुतेकदा तो निळ्या रंगाची चिनीमातीची चकती असतो, हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. त्याचा एक पाय ३२५ व्होल्टच्या बाजूला आणि दुसरा फोनच्या बाजूच्या ग्राउंडला. म्हणजे जी दरी इतक्या काळजीने राखली, तिच्यावर मुद्दाम टाकलेला एकुलता एक साकव.

कपॅसिटरच्या आत दोन धातूंमध्ये इन्सुलेटर असतो, त्यामुळे एका बाजूचा विजेचा कण दुसरीकडे जात नाही. ढोलकीच्या एका पुडीवर थाप मारली की दुसरी पुडी थरथरते, पण आतून काही पलीकडे जात नाही, तसाच हा प्रकार. एकाच दिशेचा दाब इथे अडतो, उलटसुलट दाब थरथर बनून पलीकडे पोचतो. थरथर जितकी जलद तितकी वाट सोपी. लाखभर वेळा होणाऱ्या गोंगाटाला ही चकती जवळपास मोकळा रस्ता असते. भिंतीतली ५० वेळांची वीज हळू, म्हणून तिला तीच चकती भिंतीसारखी वाटते. भिंतीसारखी, पण पुरती भिंत नाही. त्या उरलेल्या फटीतून जे पाझरतं ते तुमच्या मनगटाला मुंगी बनून चावतं.

किती पाझरतं, हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. समजा चार्जरमध्ये २.२ नॅनोफॅरडचा वाय-कपॅसिटर आहे. हे नेहमीच्या वापरातलं मूल्य. ५० हर्ट्झच्या विजेला त्याचा अडथळा सुमारे साडेचौदा लाख ओहम होतो. डायोडांचा तो पूल आतल्या बाजूला आळीपाळीने एकदा फेजशी आणि एकदा न्यूट्रलशी जोडतो, त्यामुळे चकतीच्या अलीकडे प्रत्यक्षात २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट दाब असतो. वायरमनच्या मीटरवर दिसलेले एकशेदहा ते हेच. आता तुम्ही अनवाणी उभं राहून लॅपटॉपला हात लावलात. ओहमच्या हिशेबात माणसाचं शरीर म्हणजे एक-दोन हजारांची किरकोळ भर. साडेचौदा लाखांपुढे दोन हजार ते काय! ११५ भागिले साडेचौदा लाख केलं की प्रवाह येतो ०.०८ मिलिअँपिअर.

म्हणून व्होल्टचा आकडा इथे फसवतो. डिजिटल मीटर स्वतः एक कोटी ओहमचा असतो. तो जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही, म्हणून त्याला एकशेदहा दिसतात. टेस्टरचा निऑनही काही मायक्रोअँपिअरवर पेटतो आणि फेजच्या तारेवर जितक्या आनंदाने पेटावा तितक्याच आनंदाने इथेही पेटतो. या कामाला त्याच्याइतका निरुपयोगी साक्षीदार दुसरा नाही, आणि आपल्याकडे निम्मे निकाल त्याच्याच साक्षीवर लागतात. जाणकार माणूस काय करतो, तर मीटरच्या दोन टोकांमध्ये दोन हजार ओहमचा रेझिस्टर लावतो. म्हणजे मीटरला माणसाच्या अंगाचं सोंग देतो. मग त्याच लॅपटॉपवर एकशेदहाच्या जागी ०.१६ व्होल्ट दिसतात. दाब होता, पण त्याच्यामागे ताकद नव्हती. रेझिस्टर लावूनही आकडा पन्नास-शंभर व्होल्टवरच राहिला तर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी. तेव्हा तो साकव मोडून थेट रस्ता झालेला असतो.

जुन्या आंतरराष्ट्रीय मानकांनी दुहेरी इन्सुलेशनच्या अशा चार्जरसाठी स्पर्शप्रवाहाची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर धरली होती. आपला ०.०८ तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढा.

इथे मला या विषयातली सगळ्यात मजेशीर अडचण दिसते. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. विजेचा माणसावर काय परिणाम होतो हे त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तारा देऊन वर्षानुवर्षं मोजलं. मुठीत तार धरलेल्या पुरुषांना वीज जाणवायला सरासरी १.१ मिलिअँपिअर लागतात, असं त्यांना आढळलं. बायकांना त्याहून थोडी कमी लागते. त्यापुढे स्नायू आखडून मूठ सुटेनाशी होते, ती पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि बायकांमध्ये साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास. हृदयाची लय बिघडण्याचा धोका आणखी वर, तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या पुढे, तोही प्रवाह काही वेळ टिकला तर. या मोजमापांच्याच आधारावर त्यांनी १९६१ साली गळती ओळखून वीज तोडणारं यंत्र बनवलं. आपल्या मीटरच्या पेटीतल्या आरसीसीबीचं ते भावंड.

म्हणजे आपला ०.०८ हा डॅलझीलच्या जाणिवेच्या उंबरठ्यापेक्षा तेरा-चौदा पट कमी. मग तो जाणवतो कसा?

एक उत्तर जागेत आहे. डॅलझीलच्या स्वयंसेवकांनी तार मुठीत धरली होती, प्रवाह सगळ्या तळहातावर पसरत होता. लॅपटॉपच्या कोपऱ्याला मनगटाची आतली नाजूक कातडी टेकते ती टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत. सगळा प्रवाह त्या एका बिंदूतून जातो आणि तिथल्या मज्जातंतूला तेवढा पुरतो. म्हणून तीच वस्तू घट्ट पकडली की मुंगी गायब होते. भित्र्या माणसाला हे उलटं वाटतं, पण भौतिकशास्त्र तसंच आहे. बऱ्याच फोन-लॅपटॉपच्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, वीज न वाहणारा थर चढवलेला असतो. त्यामुळे मुंगी सपाट पाठीवर कमी आणि स्क्रू, चार्जिंगच्या पिनेची कड, घासलेले कोपरे अशा उघड्या धातूपाशी जास्त भेटते.

दुसरं उत्तर त्या खरखरीत आहे, आणि ते विजेच्या धक्क्याशी जवळजवळ संबंधितच नाही. १९५३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मॅलिनक्रॉट, ह्यूज आणि स्लीटर यांचं छोटंसं टिपण आलं. मॅलिनक्रॉट यांचं बोट सहज एका चकचकीत पितळी दिव्याच्या होल्डरवर फिरलं होतं. दिवा चालू असताना पितळ बोटाला खडबडीत लागायचं आणि बंद केला की गुळगुळीत. तिघांनी याचा छडा लावला. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर कोरडा आणि मृत असतो, तो इन्सुलेटरचं काम करतो. त्याच्या एका बाजूला ओलं, वीज वाहणारं मांस, दुसऱ्या बाजूला विजेच्या दाबाखालचा धातू. मध्ये कातडीचा पापुद्रा. दोन्हीकडच्या विरुद्ध भारांमुळे बोट धातूकडे ओढलं जातं. दाब शून्यावर आला की ओढ सुटते, पुन्हा वाढला की पुन्हा ओढ. दाब कुठल्याही दिशेचा असला तरी ओढ जवळच आणते, म्हणून ५० आवर्तनांच्या विजेत हे सेकंदाला १०० वेळा घडतं. बोट सरकत असेल तर त्याचं घर्षण सेकंदाला शंभर वेळा वाढतं आणि कमी होतं, आणि सरकणाऱ्या बोटाला ती थरथर कळते. बोट थांबलं की घर्षण नाही, त्यामुळे थरथरही नाही.

या परिणामाला प्रवाह असा लागतच नाही, नुसता दाब पुरतो. पलंगावर पाय वर घेऊन बसलात किंवा जाड स्लिपर घातल्यात तरी खरखर राहते ती म्हणूनच. तुमचं शरीर जमिनीला न शिवताही हवेतून तिच्याशी किंचित धारकतेने जोडलेलं असतं आणि तेवढ्यावर हे भागतं. एकाने चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला आणि दुसऱ्याने त्याच्या दंडावरून बोट फिरवलं, तर दंडही खरखरीत लागतो. हॉस्टेलच्या मुलांना हे प्रयोग शिकवावे लागत नाहीत.

म्हणून घरच्या घरी पहिला अंदाज असा करता येतो. सरकत्या, कोरड्या बोटालाच जाणवतं आणि बोट थांबवलं की नाहीसं होतं, तर ती ही घर्षणाची थरथर. टेकलेल्या जागी बारीक टोचतं पण घट्ट धरलं की विरून जातं, तर ती वाय-कपॅसिटरची नेहमीची गळती. दोन्ही निरुपद्रवी. पण कोरड्या हाताने नीट धरल्यावरही झटका बसतो, हात आपोआप मागे खेचला जातो, स्नायू आकसतो, किंवा कालपर्यंत काहीच नव्हतं आणि आज अचानक जोरात सुरू झालं, तर तो चार्जर त्याच क्षणी भिंतीतून काढायचा आणि पुन्हा लावायचा नाही. ओलं बोट लावून तपासायचा मोह मात्र टाळा. कातडीचा कोरडा थर हीच शरीराची मोठी ढाल आहे, आणि चार्जर खरोखरच बिघडलेला असेल तर ती ढाल आपणच काढून टाकलेली असेल.

चार्जर खरोखर बिघडतो म्हणजे काय होतं? सगळी मदार त्या निळ्या चकतीवर असते. साकव एकच, आणि तो कोसळला तर २३० व्होल्टचा दाब बिनअडथळ्याचा फोनच्या अंगावर. म्हणून तिथे साधा कपॅसिटर चालत नाही. वाय१ वर्गाचा लागतो, ज्याला ८ हजार व्होल्टच्या क्षणिक तडाख्याची चाचणी पार करावी लागते. शिवाय तो असा घडवलेला असतो, की बिघडलाच तर आतून उघडा पडावा, शॉर्ट होऊ नये. तो उघडा पडला तर फार तर रेडिओ गुरगुरेल. त्याच्याच शेजारी, सर्किटच्या पट्टीवर, जीवघेण्या आणि सुरक्षित बाजूंच्या तांब्यामध्ये पाच-सहा मिलिमीटरचं अंतर रिकामं ठेवलेलं असतं. पुष्कळ चार्जरांत तिथे आरपार खाचही पाडतात, म्हणजे धूळ-ओल साचून वाट तयार होऊ नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्यांच्या मध्ये पिवळ्या टेपचे थर असतात.

नकली चार्जरमध्ये पैसे नेमके इथे वाचवलेले असतात, कारण यातलं काहीच बाहेरून दिसत नाही आणि काहीही वगळलं तरी फोन चार्ज होतो. वाय१ च्या जागी साधी स्वस्त चकती. पाच-सहा मिलिमीटरच्या जागी केसाएवढी फट. टेपचे थर एक किंवा शून्य. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०१६ साली एका नामांकित कंपनीच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यातले ३९७ नापास झाले, आणि १२ तर इतके वाईट बनवलेले होते की त्यांच्यापासून शॉकने मरण्याचा धोका होता, असा निष्कर्ष निघाला.

काही नकली चार्जरांत वाय-कपॅसिटर बसवलेलाच नसतो. त्यांच्या अंगावर मुंगी चावत नाही. गिऱ्हाईक खूश, कारण 'हा करंट मारत नाही'. फोनचा पडदा दचकतो ती गोष्ट वेगळी. चार्जर निवडताना मुंगी येते की नाही हा निकषच चुकीचा, असं माझं मत यातूनच बनलं. चांगल्या चार्जरला ती येऊ शकते आणि मरणाचा सापळा असलेल्याला नसू शकते. त्यापेक्षा लेबल पाहावं. भारतात विकल्या जाणाऱ्या अॅडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलवर ब्युरोच्या चिन्हाजवळ `R-` ने सुरू होणारा क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकही नकली छापता येतो, पण अॅपमध्ये भलत्याच कंपनीचं नाव किंवा भलतंच उत्पादन निघालं की उलगडा होतो. हातात धरल्यावर हलका-पोकळ वाटणं, पिना ढिल्या असणं, जोड नीट न बसणं, या खुणाही बोलक्या असतात.

आता तीन पिनांकडे वळू, कारण मला खरी काळजी तिथेच वाटते. मोठ्या लॅपटॉपचे अॅडॅप्टर आणि बहुतेक डेस्कटॉप तीन पिनांचे असतात. त्यांच्यात दोन वाय-कपॅसिटर वीज आत येते तिथेच बसवलेले असतात. एक फेजपासून अर्थिंगपर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत. इथे गळतीला तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायची हमखास वाट आहे, म्हणून मर्यादाही सैल असते. त्याच जुन्या मानकांत टेबलावर ठेवायच्या यंत्राला ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा होती. अर्थिंग शाबूत असेल तर यातलं काहीही माणसापर्यंत येत नाही, मुंगीसुद्धा नाही. काही लॅपटॉपच्या अॅडॅप्टरला दोन पिनांचं डोकं आणि तीन पिनांची लांब वायर असे दोन पर्याय असतात. वायर वापरली की मुंगी थांबते, ती याचमुळे.

पण बोर्डात तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहेच असं नाही. जुने वाडे, चाळी, भाड्याच्या खोल्या, वाढीव बांधकामं यांत त्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. असली तरी मीटरपाशी सुटलेली असते किंवा खड्ड्यातली पट्टी गंजून गेलेली असते. शिवाय बाजारात तीन पिनांचा दोन करणारा कन्व्हर्टर मिळतोच. अशा ठिकाणी तीन पिनांचा अॅडॅप्टर दोन पिनांच्यापेक्षा जास्त चावतो. दोन्ही कपॅसिटरांच्या मधोमध अडकलेली बॉडी निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टवर तरंगत राहते. घरी एकच लॅपटॉप असेल तर तेवढ्याने बिघडत नाही. बेरीज सुरू झाली की बिघडतं.

एखाद्या शाळेची संगणक-खोली डोळ्यापुढे आणा. वीस डेस्कटॉप, सगळ्यांच्या अर्थिंगच्या तारा बोर्डातून एकत्र येऊन मुख्य पेटीपर्यंत जातात. प्रत्येकात फेज आणि अर्थिंगच्या मध्ये ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला, तर प्रत्येकाची गळती सुमारे ०.३४ मिलिअँपिअर. एकट्या यंत्राची गळती मर्यादेच्या दहाव्या हिश्शात. आता मुख्य पेटीत अर्थिंगचा एक स्क्रू ढिला होऊन तार निसटते. दिवे लागलेले, संगणक चालू, कुणाला काही कळत नाही. पण त्या विसांच्या बॉडी आता आपापसात जोडलेल्या आणि जमिनीपासून तुटलेल्या. एखाद्या मुलीने पावसात भिजलेले पाय ओल्या फरशीवर ठेवून कोणत्याही एका संगणकाच्या पत्र्याला हात लावला, की विसांची गळती तिच्यातून वाट काढते. वीस गुणिले ०.३४, म्हणजे जवळपास ७ मिलिअँपिअर. जवळपास सगळ्याच बायकांना हातातली तार सोडता येईल अशी सुरक्षित मर्यादा डॅलझील यांनी ६ मिलिअँपिअर धरली होती. लहान मुलांसाठी ती याहून कमी धरायला हवी. बिघडलेला मात्र एकही संगणक नाही. आणि त्यातल्या एकाचा जरी फेज आत पत्र्याला शिवला, तर उरलेल्या एकोणिसांच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील. फ्यूज उडणार नाही, कारण जमिनीपर्यंत जायला रस्ताच नाही.

अशा खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर नवीच कटकट होते. अर्थिंग ठीक असताना विसांची गळती मिळून सात आणि संगणक सुरू होतानाचे झटके वेगळे. हे यंत्र ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून पुढे कधीही पडू शकतं, त्यामुळे एकाच आरसीसीबीवर यंत्रं वाढत गेली की तो विनाकारण पडायला लागतो. त्यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे आरसीसीबी बायपास करणं किंवा गळती थांबावी म्हणून अर्थिंगच तोडणं. दुसऱ्या उपायाने आरसीसीबी खरोखरच पडायचा थांबतो. वर सांगितलेली परिस्थिती मग अपघाताने येत नाही, ती हाताने तयार केलेली असते. योग्य उपाय म्हणजे संगणक तीन-चार आरसीसीबींवर वाटून टाकणं.

तेव्हा घरात एकाच चार्जरला मुंगी येत असेल तर चार्जरचं लेबल बघा. पण लॅपटॉप, फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह अशा दोन-तीन वस्तूंचा पत्रा झिणझिणत असेल, तर चार्जर बदलून उपयोग नाही, अर्थिंग तपासून घ्या. केबलवाला सेट-टॉप बॉक्सची गोल पिन लावताना हात झटकतो तेही याच घराण्यातलं. टीव्ही आणि बॉक्सच्या वाय-कपॅसिटरांची गळती त्या केबलच्या जाळीत एकत्र आलेली असते.

अर्थिंग तपासताना नुसता मीटर पुन्हा फसवू शकतो. खड्ड्यापर्यंत न पोचलेली तारसुद्धा त्याला चांगली वाटू शकते. जुने वायरमन फेज आणि अर्थिंगच्या मध्ये शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावून बघतात. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थिंग भार पेलतंय. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर तार नावापुरती आहे. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताक्षणी तो पडेल, कारण बल्बमधून जवळपास ४३० मिलिअँपिअर जमिनीत जायला लागतात. तसं झालं तर अर्थिंगही आहे आणि आरसीसीबीही जिवंत आहे. एक दक्षता मात्र वायरमनला आठवणीने सांगावी लागते. बल्ब लावण्यापूर्वी घरातल्या सगळ्या तीन पिनांच्या वस्तू बोर्डातून काढलेल्या हव्यात. अर्थिंग तुटलेलं असेल तर बल्बमधून आलेला फेज त्याच तारेने फ्रिजच्या दारापर्यंत पोचतो, आणि फ्रिजचं दार कुणीही कधीही उघडतं.